दहा बोटं, १०२३ आणि ‘द्विअंकी’चा घोळ

प्रश्न : ‘हाताच्या बोटांवर मोजण्याइतके’ म्हणजे फार तर दहा, असं मी धरून चाललो होतो. आता भाचा म्हणतो, दहा बोटांवर द्विअंकी पद्धतीनं १०२४ पर्यंत मोजता येतं. खरं का? आणि याला द्विअंकी म्हणायचं की द्विमान?

भाच्याचं एकानं चुकलंय. आकडा १०२३. आणि शब्द म्हणाल तर द्विमान.

आधी शब्दाचं उरकून घेऊ. ‘द्विअंकी’ हा शब्द मराठीत आधीच एका कामाला लागलेला आहे. १० ते ९९ या द्विअंकी संख्या. महागाईचा दर द्विअंकी झाला असं वाचलं, की तो १० टक्क्यांवर गेला हे आपण न सांगता समजतो. म्हणजे या शब्दातला ‘द्वि’ एका संख्येत किती अंक आहेत ते सांगतो. बायनरीत मात्र दोन ही अंकांची लांबी नसते. वापरायला चिन्हंच दोन असतात, ० आणि १, आणि संख्या हवी तेवढी लांब होऊ शकते. दहा बोटांवर दाखवलेली संख्या दहा अंकांची असते. तिला ‘दहा अंकी द्विअंकी संख्या’ म्हणून बघा, शब्द स्वतःच्याच पायात अडकून पडतो. ‘दशमान’ आपल्याकडे रुळलेला आहेच. त्यातलं ‘मान’ म्हणजे माप, एका घरातून पुढच्या घरात जाताना किंमत किती पटीनं वाढते ते. दहापटीनं वाढली तर दशमान, दुपटीनं वाढली तर द्विमान. ‘बायनरी’ म्हणालात तरी माझी तक्रार नाही. तक्रार फक्त द्विअंकीबद्दल आहे.

आता वाक्प्रचार. बोटांवर मोजण्याइतके म्हणतो तेव्हा प्रत्येक बोट म्हणजे एक. करंगळी उभी केली काय किंवा तर्जनी, दोन्हींची किंमत तीच. शाळेतल्या गणिताच्या भाषेत सांगायचं तर इथे बोटाला स्थानिक किंमतच नाही. तीन बोटं उभी असली की तीन, मग ती कुठलीही असोत. दहा बोटं संपली की मोजणीही संपली. वाक्प्रचारातला ‘थोडके’ हा अर्थ तिथूनच आला आहे, आणि तो तसाच राहू द्यावा.

द्विमानात एवढंच बदलतं, की कुठलं बोट उभं आहे याला किंमत येते. दोन्ही तळवे स्वतःकडे करून हात समोर धरा. उजव्या हाताचा अंगठा अगदी उजवीकडे येईल आणि डाव्याचा अगदी डावीकडे. आपण एकक उजवीकडे लिहितो, तसंच इथेही उजव्या अंगठ्यापासून सुरुवात करायची. अंगठा १, तर्जनी २, मधलं बोट ४, अनामिका ८, करंगळी १६. मग डाव्या हातावर यायचं, पण करंगळीकडून : करंगळी ३२, अनामिका ६४, मधलं बोट १२८, तर्जनी २५६, आणि डावा अंगठा ५१२. बोट ताठ असेल तर त्याची किंमत धरायची, मिटलेलं असेल तर शून्य. उभ्या बोटांची बेरीज म्हणजे आपली संख्या.

पुढे मोजत जाण्याचा नियम एकच आहे. उजव्या अंगठ्याकडून निघायचं, जे पहिलं मिटलेलं बोट भेटेल ते उभं करायचं आणि वाटेत लागलेली सगळी उभी बोटं मिटायची. उजवा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट उभं आहे, म्हणजे ७. पहिलं मिटलेलं बोट अनामिका. ती उभी केली, आधीची तिन्ही मिटली, झाले ८. (४ ला मधलं बोट एकटंच उभं राहतं. समोर कोण बसलंय ते बघून मोजा.)

मला हे दुसऱ्या तऱ्हेनं लक्षात ठेवायला सोपं जातं. उजवा हात ० ते ३१ मोजतो. तो पूर्ण उघडला की पुढच्या मोजणीला सगळा मिटतो, आणि डावा हात एका पायरीनं पुढे सरकतो. म्हणजे डाव्या हातावर ‘बत्तीस किती वेळा झाले’ याची नोंद राहते. तिथे करंगळी १, अनामिका २, मधलं बोट ४, तर्जनी ८, अंगठा १६. दहा बोटांच्या दहा किमती पाठ करण्यापेक्षा पाचच किमती दोनदा वापरलेल्या बऱ्या.

३६५ दाखवायचे आहेत असं धरू. ३६५ मधून ३२ अकरा वेळा निघतात, ३५२ होतात, उरले १३. उजव्या हातावर १३ म्हणजे ८, ४ आणि १ : अनामिका, मधलं बोट, अंगठा. डाव्या हातावर ११ म्हणजे ८, २ आणि १ : तर्जनी, अनामिका, करंगळी. पडताळा घेऊ. डावीकडून २५६, ६४, ३२, मग ८, ४, १. बेरीज ३६५. लिहून काढलं तर ०१०११०११०१. पुढचं शून्य सोडलं तर ही संख्या उलटसुलट सारखीच वाचली जाते. त्याला काही अर्थ नाही, पण बोटांवर दिसली की मजा वाटते.

आता १०२३ की १०२४. सगळी बोटं उभी केली की बेरीज होते १ + २ + ४ असं करत ५१२ पर्यंत. मांडून बेरीज करायचीही गरज नाही. त्या बेरजेत आणखी १ मिळवून बघा. उजव्या अंगठ्याच्या १ मध्ये १ मिळवला, झाले २. तर्जनीचे २ मिळवले, झाले ४. मधल्या बोटाचे ४ मिळवले, झाले ८. असं दर बोटाला दुप्पट होत होत डाव्या अंगठ्यापर्यंत १०२४ होतात, आणि ते दाखवायला अकरावं बोट लागेल. म्हणून त्या मिळवलेल्या एकाआधी जे होतं ते १०२३.

मग भाच्याला १०२४ कुठून मिळाले? तेही खोटे नाहीत. प्रत्येक बोटाच्या दोन अवस्था, दहा बोटं, म्हणून २ चा १० वा घात, १०२४. पण ही वेगवेगळ्या खुणांची संख्या झाली, आणि त्यातली एक खूण म्हणजे दोन्ही मुठी बंद, म्हणजेच शून्य. सगळी गडबड ‘पर्यंत’ या शब्दाची आहे. ‘१०२४ संख्या दाखवता येतात’ हे बरोबर, ‘० पासून १०२३ पर्यंत’ हेही बरोबर, पण ‘१०२४ पर्यंत’ चूक. किती आणि कुठवर हे दोन प्रश्न आपण एरवी एकच धरतो, कारण रोजची मोजणी १ पासून सुरू होते. शून्यापासून सुरू केली की त्यांची उत्तरं एकानं वेगळी होतात. बंद मुठींना १ म्हणावं आणि १०२४ गाठावेत, अशी पळवाट एकानं मला सुचवली होती. पण मग उभ्या बोटांची बेरीज म्हणजे संख्या हा नियमच जातो.

कागदावर हे सरळ आहे, हातावर तितकं नाही. पहिली अडचण ८ लाच येते. बाकीची बोटं मिटून अनामिका एकटी ताठ करून बघा, बहुतेकांची ती अर्धवटच उठते. हाताच्या मागच्या बाजूला बोटं सरळ करणाऱ्या ज्या कंडरा आहेत, त्यांतल्या मधल्या बोटाच्या, अनामिकेच्या आणि करंगळीच्या कंडरा आडव्या पट्ट्यांनी एकमेकींशी जोडलेल्या असतात. शेजारची बोटं मिटली की ती अनामिकेलाही ओढून धरतात. तर्जनीला आणि करंगळीला सरळ होण्यासाठी आपापला वेगळा स्नायू मिळाला आहे, अनामिकेला नाही. तेव्हा उभं-मिटलेलं हा खेळ सोडून हात टेबलावर ठेवावेत. बोटाचं टोक टेबलाला टेकलं तर १, जरासं उचललं तर ०. असं केलं की ८ ला अनामिका खाली टेकवायची असते, आणि ते तिला जमतं.

दुसरी अडचण विसरण्याची. एका लांबलचक जिन्याच्या पायऱ्या मी अशा मोजल्या. एक दिवस १८० आल्या, दुसऱ्या दिवशी २१२. पायऱ्या वाढणार कुठून? पण फरक बघा, बरोब्बर ३२. म्हणजे पहिल्या दिवशी उजवा हात एकदा पूर्ण मिटला तेव्हा डाव्याला पुढे सरकवायचं मी विसरलो होतो. साध्या मोजणीत चूक एका-दोनाची होते आणि कुठे झाली ते कळत नाही. इथे चूक मोठी होते, पण तिच्या आकारावरून ती कुठे झाली ते बहुधा ओळखता येतं. उजवा अंगठा मात्र क्वचितच चुकतो, कारण तो दर पायरीला हलतो. तो उभा असेल तर संख्या विषम.

आणि ‘सर्वांत मोठी संख्या १०२३’ हे विधान बोटाच्या दोनच अवस्था मानल्या तरच खरं. बोट अर्धं वाकवण्याला तिसरी अवस्था मानलं तर पद्धत त्रिमान होते आणि दहा बोटांवर ५९०४८ पर्यंत जाता येतं. आठव्या शतकात बीड नावाच्या इंग्रज भिक्षूनं बोटांच्या वेगवेगळ्या वाकवण्यांची एक पद्धत लिहून ठेवली. तीत दोन हातांवर ९९९९ पर्यंतच्या संख्या दाखवत, आणि ती दशमानच होती. त्रिमानाचा प्रयोग मी करून पाहिला. पण उभं, अर्धं आणि मिटलेलं यांत माझी अनामिका नेमकी कुठे आहे, हे समोरच्याला तर सोडाच, मलाच सांगता येईना.