संवलन, घडी आणि आरसी परिपथ

प्रश्न: “कन्व्होल्यूशनला पुस्तकात ‘संवलन’ म्हटले आहे, पण आमच्याकडे सगळे ‘मिश्रण’ म्हणतात. आरसी परिपथात नक्की काय कशात मिसळते? आणि आवेग प्रतिसादातला ‘आवेग’ म्हणजे खूप उंच व्होल्टेजच ना?”

काहीही कशातही मिसळत नाही. ‘इनपुट आणि आवेग प्रतिसाद यांचे मिश्रण म्हणजे आउटपुट’ हे वाक्य इतक्या वेळा कानावर पडते की ते आता खोडून काढलेच पाहिजे. मिश्रणात आधी काय पडले आणि नंतर काय पडले याचा हिशेब उरत नाही. कन्व्होल्यूशनमध्ये तर सगळा हिशेब त्याचाच असतो.

आवेगाचे आधी. आवेग म्हणजे उंची नव्हे. यामिकीत आवेग म्हणजे बल गुणिले काळ, आणि परिपथातही त्याचा अर्थ तोच राहतो: व्होल्टेज गुणिले काळ, म्हणजे आलेखाखालील क्षेत्रफळ, ज्याचे एकक व्होल्ट-सेकंद आहे. 10 किलोओहमचा रोध आणि त्यापुढे 10 मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर घेतला, तर RC हा कालांक 0.1 सेकंद येतो. या परिपथाला अत्यल्प काळात 1 व्होल्ट-सेकंद आवेग दिला, तर रोधातून 1 भागिले 10,000, म्हणजे 100 मायक्रोकूलोम प्रभार वाहतो आणि कॅपॅसिटरवर 10 व्होल्ट दिसतात. त्यानंतर ते e^(−10t) या वेगाने ओसरतात. म्हणून 1 व्होल्ट-सेकंद आवेगामागचा परिपथाचा आवेग प्रतिसाद h असा:

h(t) = (1/RC)·e^(−t/RC) = 10·e^(−10t), t > 0

यातला 10 हा आकडा व्होल्टचा नाही, ‘प्रति सेकंद’चा आहे. आवेगाच्या व्होल्ट-सेकंदांनी त्याला गुणल्यावरच व्होल्ट मिळतात.

प्रत्यक्षात आवेग म्हणून एक छोटा पल्स द्यावा लागतो. 5 व्होल्टचा पल्स 10 मिलिसेकंद दिला, तर क्षेत्रफळ 0.05 व्होल्ट-सेकंद होते, आणि पल्स संपताना कॅपॅसिटरवर 0.4758 व्होल्ट असतात. हाच आवेग पल्सच्या मध्यावर, म्हणजे 5 मिलिसेकंदाला, एकदम दिला असे मानले तर उत्तर 0.4756 येते, एवढा फरक मोजपट्टीवर दिसणारही नाही. पण तेच 5 व्होल्ट 100 मिलिसेकंद ठेवले, तर क्षेत्रफळावरून सुरुवातीलाच 5 व्होल्ट यायला हवेत असे वाटते, आणि पल्स संपताना प्रत्यक्षात मिळतात 3.16. हा पल्स आता आवेग राहिलेला नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे: पल्सची रुंदी निम्मी आणि उंची दुप्पट करावी, पल्स ओसरल्यानंतरचे आउटपुट जवळपास तेच राहिले, तरच त्याला आवेग म्हणावे.

आता ‘संवलन’. हा शब्द मला मनापासून आवडतो, कारण तो आतून पाहण्यासारखा आहे. संस्कृतातील ‘वल्’ म्हणजे वळणे. आपले वळण, वळसा, वळकटी याच घरातले. लॅटिनमधील ‘व्होल्व्हेरे’ म्हणजे गुंडाळणे, फिरवणे, आणि या दोन धातूंचे मूळ एकच मानले जाते. ‘कॉन’ आणि ‘सम्’ हे उपसर्ग व्युत्पत्तीने वेगळे असले, तरी अर्थाने दोन्हींत ‘एकत्र’ आहे. म्हणजे ‘संवलन’ घडवणाऱ्याने परक्या शब्दाचा नुसता अर्थ आणला नाही, तर त्याचा दूरचा नातलगच शोधून काढला. तरीही माझे मत असे आहे की या क्रियेचे खरे नाव जर्मन भाषेला सापडले. तिथे तिला ‘फाल्टुंग’, म्हणजे घडी घालणे, असे म्हणतात. गुंडाळण्यात किती वेढे बसले ते मोजता येते, पण या सूत्रात वेढा नाही. x हे इनपुट आणि y हे आउटपुट धरले, तर एकच घडी आहे:

y(t) = ∫ x(τ)·h(t−τ) dτ

‘उणे τ हे केवळ चल बदलण्याचे तंत्र आहे, त्याला अर्थ शोधू नये’ असे जे शिकवतात, त्यांच्याशी मी ठामपणे असहमत आहे. t−τ म्हणजे τ या क्षणी आलेल्या इनपुटच्या तुकड्याचे t या क्षणीचे वय. जो तुकडा नुकताच आला, त्याचे वय शून्याजवळ असते आणि तो h च्या उंच टोकाशी गुणला जातो. जो फार पूर्वी आला, तो h च्या ओसरलेल्या शेपटीशी. हे व्हायचे तर h चा आलेख उभ्या अक्षावर घडी घालून उलटावाच लागतो.

उदाहरणासाठी असे इनपुट घेऊ: व्होल्टेज शून्यापासून सेकंदाला 20 व्होल्ट या दराने चढते, 0.2 सेकंदाला 4 व्होल्टवर पोहोचते आणि तिथे एकदम शून्यावर येते. 0.2 सेकंदाला आउटपुट किती? इनपुटचे 10 मिलिसेकंदांचे 20 तुकडे करावेत आणि प्रत्येकाला एक आवेग समजावे. शेवटच्या तुकड्याची सरासरी उंची 3.9 व्होल्ट, म्हणून आवेग 0.039 व्होल्ट-सेकंद, दहाने गुणून 0.39 व्होल्ट, आणि 5 मिलिसेकंदांच्या वयामुळे उरतात 0.371. पहिल्या तुकड्याचा आवेग केवळ 0.001 व्होल्ट-सेकंद, वय 0.195 सेकंद, आणि त्याचे उरते सुमारे दीड मिलिव्होल्ट. अशा वीसही तुकड्यांचे उरलेले व्होल्ट मिळवले की 2.27 व्होल्ट येतात, आणि संकलन करून काढलेले उत्तरही तेच आहे: 4 − 2(1 − e^(−2)) = 2.27.

घडी न घालता, म्हणजे x(τ) ला h(τ) नेच गुणून संकलन केले, तर 1.19 व्होल्ट मिळतात. येथे सर्वांत जुन्या तुकड्याला सर्वाधिक वजन मिळाले आणि ताज्याला सर्वांत कमी, म्हणजे परिपथाची स्मृती उलटी झाली. ही चूक वर्गात टिकून राहते, कारण तिथे पहिले उदाहरण नेहमी स्थिर व्होल्टेजचे असते. स्थिर इनपुटला घडी घातली काय आणि न घातली काय, क्षेत्रफळ तेच भरते, आणि ‘मिश्रण’ म्हणणाऱ्याचे उत्तर बरोबर येते. म्हणून पडताळणी नेहमी चढत्या किंवा उतरत्या इनपुटवर करावी.

इनपुट थांबल्यानंतरचे आउटपुट काढताना संकलनाची वरची मर्यादा 0.2 सेकंदावरच ठेवावी लागते. पुढे फक्त तुकड्यांचे वय वाढत जाते. 0.3 सेकंदाला प्रत्येकाचे वय एका कालांकाने वाढलेले असते, म्हणून 2.27 ला e^(−1) ने गुणून 0.84 व्होल्ट उरतात. मर्यादा चुकून 0.3 पर्यंत नेली आणि चढण तशीच पुढे चालू धरली, तर उत्तर चार व्होल्टच्या वर जाते, आणि शून्य इनपुट असलेल्या परिपथाचे आउटपुट वाढताना दिसले की चूक कुठे आहे हे लगेच कळते.

या सर्व हिशेबात कॅपॅसिटर सुरुवातीला पूर्ण रिकामा धरलेला आहे. त्यावर आधीचा 1 व्होल्ट शिल्लक असेल, तर संवलन त्याबद्दल काहीच सांगत नाही, त्याचे 0.2 सेकंदांनी उरलेले 0.14 व्होल्ट वेगळे मिळवावे लागतात, आणि वरचे 2.27 मग 2.41 होतात.