बोलणारा आणि मोजणारा, दोघांनी मिळून धंदा कसा निवडायचा?

प्रश्न : माझा मित्र विक्रीत पटाईत, मी हिशेबात. दोघांना मिळून धंदा काढायचाय. कल्पना कशा सुचवायच्या आणि त्यातली कोणती धरायची, हे कसं ठरवता?

मी तुमच्याच जागेवरचा माणूस. डाळमिलमध्ये हिशेब लिहायचो, भागीदार बियाणं विकायचा.

आधी आम्ही सावद्याला मळ्यात भरीत-पुरी खात धंदे शोधायचो. तो बोलायचा, मी खोडायचो. "काय भो, तुझा नन्नाचा पाढा सुरूच!" तासाभरात तो गप्प. नवीन काही निघायचंच नाही. मग ठरवलं, भेटण्याआधी दोघांनी घरी बसून दहा-दहा चिठ्ठ्या लिहायच्या, आणि त्या वाचल्या जाईपर्यंत मी तोंड उघडायचं नाही. मी लिहिलेल्या बहुतेक त्याच्या डोक्यात कधी आल्याच नसत्या.

त्यात त्याची एक होती : केळीच्या खोडापासून धागा. घड कापला की खोड बांधावर सडतं, म्हणजे माल फुकट! मी एवढंच म्हटलं, करून बघू, पण आकडा आधी लिही. कॅलेंडरच्या मागे लिहिलं : खर्च जाऊन किलोमागे ४० रुपये उरले तर पुढे, नाहीतर बंद. खाली दोघांच्या सह्या.

ओळखीच्याकडून यंत्र दिवसभर मागून आणलं. १०० खोडं, ट्रॉलीचे १२०० रुपये, चार माणसांची मजुरी १६००. वाळल्यावर धागा भरला १३ किलो. व्यापारी किलोला १३० च्या वर चढेना, म्हणजे हातात १६९०. खोडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. आम्ही भाडं देऊन पाणी वाहत होतो. तो म्हणाला, यंत्रच शेतात नेऊ. चला, ट्रॉलीचा खर्च धरलाच नाही. तरी उरले ९० रुपये, वीज आणि यंत्राचं भाडं न धरता. किलोमागे सातसुद्धा नाहीत.

तरी तो म्हणे, पहिल्याच दिवसावर काय ठरवतो, हात बसला की माल वाढेल. वाढेलही. पण ४० गाठायला त्याच मजुरीत १३ ऐवजी जवळजवळ १८ किलो धागा निघायला हवा होता, आणि तो कुठून येणार हे त्याला सांगता आलं नाही. आकडा नंतर ठरवला असता, तर त्याच्या बोलण्यापुढे मी नक्की वाकलो असतो. म्हणून सही. आजही लग्नाकार्यात तो चारचौघांत सांगतो, "याने माझा धंदा मारला." मी नाही मारला, १३ किलोने मारला.

आता एक कबुली. कच्च्या केळीच्या वेफर्सची त्याची चिठ्ठी मी चाचणी न करताच फेकली होती, "तेलात पैसा जातो" म्हणून. तेल किती लागतं, ते मोजलंच नव्हतं. तेव्हापासून नियम असा : काय करून बघायचं ते तो ठरवणार, थांबायचा आकडा मी लिहिणार, आणि आकड्याशिवाय माझा नकार धरायचा नाही. उधारीवरच्या धंद्यात मात्र एका दिवसाच्या चाचणीने काही कळत नाही. तिथे वसुलीपर्यंत थांबावं लागतं.

कॅलेंडरचं ते पान माझ्या कपाटात आहे. पुढच्या लग्नाला खिशात घालून नेणार आहे.