अर्ज भरायच्या दिवशी काय बोलावं

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं भाषण दोनदा वाचलं. सरपंचपदाचा अर्ज भरून आल्यावर चौकात तू ते म्हणणार आहेस. त्यातल्या एका वाक्याशी मी अडकलो, 'गावाचा पाणीप्रश्न कायमचा सोडवू.' माझ्या पहिल्या निवडणुकीत मीही हेच बोललो होतो. निवडून आल्यावर नवा बोअर घेतला, त्याला पाणीही लागलं. तरी खालच्या गल्लीला पाचव्या दिवशीच पाणी यायचं. बाया रिकामे हंडे घेऊन दारात उभ्या राहिल्या तेव्हा माझ्याकडं उत्तर नव्हतं, कारण पाणी मुरतं कुठं हे मी कधी मोजलंच नव्हतं.

म्हणून आधी हिशेब कर. तुझ्या गावात साधारण 900 माणसं. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज 55 लिटर, म्हणजे गावाला रोज 49,500 लिटर लागतात. टाकी 50,000 लिटरची आहे. मोटार तासाला 10,000 लिटर पाणी चढवत असेल तर पाच तासांत टाकी भरते. टाकी रोज भरत असूनही गल्लीला पाचव्या दिवशी पाणी येत असेल, तर नव्या बोअरचं आश्वासन कशाला द्यायचं? मात्र मोटारीचा हा आकडा मे महिन्याचा धर. आपल्याकडं मार्चला भरलेली दिसणारी विहीर मेमध्ये तळ दाखवते. पाणी सोडणाऱ्या माणसाला विचार, उन्हाळ्यात मोटार किती वेळानं कोरडी पडते ते. तो बरोबर सांगेल.

मग गळती मोज. रात्री टाकी भरून घे आणि मोटार बंद ठेव. लोकांना तोट्या बंद करायला सांग. ज्या नळांना तोटीच नाही तिथं लाकडी खुंटी ठोकायला लाव, नाहीतर माप फसेल. टाकीत काठी सोडून पाण्याची पातळी बघ, सहा तासांनी पुन्हा बघ. आमची टाकी 5 मीटर व्यासाची गोल होती. अशा टाकीत पातळी 10 सेंटीमीटर उतरली की जवळजवळ 2,000 लिटर गेले. आमची एका रात्रीत 60 सेंटीमीटर उतरली, म्हणजे कुणी हंडाभरही न घेता 12,000 लिटरच्या आसपास पाणी जमिनीत गेलं. पुढच्या रात्री एकेका गल्लीचा व्हॉल्व्ह बंद करत गेलो. ज्या गल्लीचा बंद केल्यावर पातळी थांबली, गळती तिथंच होती. नालीच्या कडेनं गेलेला जुना पाइप फुटला होता. तिथली गळती थांबणं दुहेरी गरजेचं असतं, कारण नळाला पाणी सोडलेलं नसताना नालीचं पाणी त्याच भोकातून पाइपात शिरतं आणि पोरं जुलाबानं आजारी पडतात.

एवढं झालं की भाषणातलं ते वाक्य काढ आणि असं बोल: 'पहिल्याच मासिक सभेत खालच्या गल्लीचा फुटका पाइप बदलायचा ठराव मी मांडीन. प्रत्येक गल्लीला वेगळा व्हॉल्व्ह बसवायचं काम आराखड्यात धरायला लावीन. कुठल्या गल्लीला कुठल्या दिवशी किती वाजता पाणी, हे पंचायतीच्या फळ्यावर लिहिलेलं असेल.' 'ठराव मांडीन' हा शब्द जपून ठेव. सरपंच एकटी पैसे खर्च करू शकत नाही. सदस्यांचं बहुमत लागतं, अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता लागते. गावाबाहेरून नवी योजना आणायची तर जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाकडं जावं लागतं. तिथं तू पाठपुरावा करशील एवढंच म्हण, तारीख देऊ नको.

एक गोष्ट बोलायला तुला जड जाईल. समोरचा पाणीपट्टी माफ करतो म्हणेल आणि टाळ्याही घेईल. तू माफीचं बोलू नको. पट्टी आली नाही तर मोटारीचं वीजबिल थकतं, वीज तुटते आणि गाव पुन्हा टँकरच्या रांगेत उभं राहतं. 2016 साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते आपल्या लोकांनी पाहिलंय. खरा हिशेब समोर ठेवलास तर त्यांना कळतो. किती पट्टी जमली आणि किती बिल भरलं, हे दर महिन्याला त्याच फळ्यावर लिहीन, असं सांग.

भाषण मारुतीच्या पारावरून करू नको. देवळाची जागा प्रचाराला वापरली की आचारसंहितेची तक्रार होते. चौकात उभी राहा, ध्वनिक्षेपकाची परवानगी आधी काढ आणि त्याचं भाडं निवडणूक खर्चात लिही.

रविवारी रात्री टाकीवर जा. संगं दोघं घे, अंधारात एकटी शिडी चढू नको. काठीवर खडूनं खूण कर आणि आकडा मला कळव. तो आला की भाषणाचा पहिला परिच्छेद आपण बसून लिहू.

तुझा,
काका