एसएलएमधली पेनल्टी, आणि घड्याळ नक्की कधी सुरू होतं

प्रश्न: मॅडम नमस्कार. नाशिकला माझा छोटा आयटी सपोर्टचा धंदा आहे, मी धरून चार जण. सातपूर एमआयडीसीतली एक पॅकेजिंग कंपनी 60 कॉम्प्युटर, एक सर्व्हर आणि फायरवॉलचं वर्षाचं काम देतेय, महिना 45,000 अधिक जीएसटी. त्यांनी पाठवलेल्या सर्व्हिस लेव्हल अॅग्रीमेंटमध्ये, म्हणजे एसएलएमध्ये, लिहिलंय की 24 तास सातही दिवस सपोर्ट, 30 मिनिटांत रिस्पॉन्स, 4 तासांत रिझोल्यूशन, उशीर झाला तर दर तासाला महिन्याच्या बिलाच्या 5 टक्के पेनल्टी आणि ती ते बिलातून परस्पर कापणार. त्यांचे अॅडमिन मॅनेजर म्हणतात ही नुसती फॉर्मॅलिटी आहे, सही करून टाका. करू का?

उत्तर: नाही, आहे तशी करू नका. आणि फॉर्मॅलिटी म्हणणारे मॅनेजर सहा महिन्यांनी दुसऱ्या कंपनीत गेले की कागद तेवढा मागे राहतो आणि तो अकाउंट्सवाल्याच्या हातात पडतो, त्यामुळे तोंडी काय ठरलंय ते विसरा आणि कागदच बघू.

आधी एक हिशोब करा. शनिवारी रात्री 8 ला सर्व्हरची डिस्क गेली. सर्व्हर कंपनीच्या वॉरंटीत आहे असं धरते, आणि वॉरंटी बहुतेक वेळा ‘नेक्स्ट बिझनेस डे’ असते, म्हणजे शनिवारी रात्री नोंदवलेला कॉल सोमवारचा धरला जातो आणि पार्ट येतो मंगळवारी दुपारी 12 ला. 64 तास झाले, त्यातले 4 सोडले तर 60. दर तासाला 2,250 प्रमाणे पेनल्टी 1,35,000. तीन महिन्यांचं बिल एका डिस्कपायी गेलं, आणि यात तुमची चूक कुठे होती तर कुठेच नाही, पार्ट तुमच्या हातात नव्हताच. त्यात या ड्राफ्टमध्ये पेनल्टीला वरची मर्यादाच दिसत नाही.

म्हणून रिस्पॉन्स आणि रिझोल्यूशन हे दोन वेगळे करायचे. रिस्पॉन्स पूर्ण तुमच्या हातात आहे, माणूस फोन उचलून लॉगिन करून बघायला लागला की झाला रिस्पॉन्स (हे असंच लिहा, नाहीतर ऑटो-रिप्लायला रिस्पॉन्स म्हणायचं का यावर भांडण होतं). रिझोल्यूशन मात्र हार्डवेअर कंपनी, इंटरनेटवाला, टॅलीवाला, महावितरण आणि खुद्द क्लायंट या सगळ्यांवर अवलंबून असतं. त्यामुळे रिस्पॉन्सवर पेनल्टी मान्य करा, बिनधास्त करा. रिझोल्यूशनच्या जागी ‘काम चालू होईल एवढी तात्पुरती व्यवस्था’ असं लिहा, त्याला मोठा वेळ घ्या आणि तो वेळ फक्त कामाच्या तासांत मोजा.

घड्याळाचं कलम हे या कागदातलं सगळ्यात महत्त्वाचं कलम, आणि तुमच्या ड्राफ्टमध्ये तेच नाहीये. मी असं काहीतरी लिहीन:

‘सपोर्टची वेळ सोमवार ते शनिवार, सकाळी 9:30 ते संध्याकाळी 6:30, सार्वजनिक सुट्ट्या सोडून. तक्रार ठरलेल्या हेल्पडेस्क ईमेलवर किंवा नंबरवर नोंदवून तिकीट क्रमांक मिळाल्यावरच वेळ मोजायला सुरुवात होईल. सपोर्टच्या वेळेबाहेर आलेली तक्रार पुढच्या कामाच्या दिवशी 9:30 ला आली असं धरलं जाईल. ग्राहकाची मंजुरी, पासवर्ड किंवा जागेवर प्रवेश मिळेपर्यंतचा, तसंच उत्पादक कंपनी, इंटरनेट पुरवठादार किंवा वीजपुरवठ्यामुळे गेलेला वेळ मोजला जाणार नाही, मात्र असा वेळ का आणि कधीपासून थांबवला हे पुरवठादार तिकिटात त्याच वेळी नोंदवेल.’

शेवटचं वाक्य क्लायंटच्या बाजूचं वाटतं पण ते तुमच्यासाठी आहे. वाद झाला की ‘आम्ही पार्टची वाट बघत होतो’ हे नंतर सांगून कुणी ऐकत नाही, तिकिटात सोमवारी 10:30 ला तशी नोंद असेल आणि वॉरंटी कॉलचा नंबर असेल तर समोरचा गप्प बसतो. आणि व्हॉट्सॅपचं आत्ताच ठरवून टाका, कारण तुमच्या पोराच्या पर्सनल नंबरवर रात्री साडेअकराला ‘प्रिंटर चालत नाही’ असा मेसेज आला तर तो नोंदवलेली तक्रार आहे की नाही यावरनं मी माणसं हमरीतुमरीवर आलेली बघितली आहेत.

तक्रार अर्जंट आहे का हेही क्लायंटच्या मनावर ठेवू नका, परिणामावर ठेवा. सर्व्हर बंद किंवा अख्ख्या ऑफिसचं नेटवर्क बंद, की प्रकार एक. एका डिपार्टमेंटचं काम अडलं की प्रकार दोन. एका माणसाचा कॉम्प्युटर, नवीन युझर, इन्स्टॉलेशन वगैरे प्रकार तीन. प्रकार एकला 30 मिनिटांत रिस्पॉन्स आणि कामाच्या 8 तासांत तात्पुरती व्यवस्था, दोनला 2 तास, तीनला पुढचा कामाचा दिवस, चार माणसांत एवढं जमतं. 24 तास सातही दिवस जमत नाही, आठवड्याचे 168 तास होतात, एक माणूस 48 तास बसला तरी नुसत्या खुर्चीला साडेतीन माणसं लागतात आणि सातपूरला गाडी घेऊन जाणार कोण? त्यांना खरंच रात्रीचं पाहिजे असेल तर फक्त प्रकार एकसाठी इमर्जन्सी नंबर द्या आणि प्रत्येक कॉलचे वेगळे पैसे लावा.

आता पेनल्टी. प्रकार एकचा रिस्पॉन्स चुकला तर महिन्याच्या फीच्या 3 टक्के, तात्पुरती व्यवस्था वेळेत नाही झाली तर 5 टक्के, हे प्रत्येक तिकिटामागे एकदाच, दर तासाला नाही, आणि एका महिन्यात सगळं मिळून जास्तीत जास्त 10 टक्के म्हणजे 4,500. वरचीच डिस्कची गोष्ट या हिशोबात बसवून बघा. शनिवारची तक्रार सोमवारी 9:30 ची धरली, 10 च्या आत माणूस बघायला लागला, 10:30 ला वॉरंटी कॉल टाकला आणि घड्याळ थांबलं, मंगळवारी 12 ला पार्ट आला, 4 वाजता सर्व्हर चालू. मोजलेला वेळ 5 तास, पेनल्टी शून्य. तुमचा माणूस सोमवारी 11 ला उगवला असता तर 1,350 गेले असते, आणि ते जायलाच पाहिजेत.

तुम्हाला कुणीतरी सांगेल की काळजी करू नका, इंडियन कॉन्ट्रॅक्ट अॅक्टच्या कलम 74 मुळे अशी पेनल्टी कोर्टात टिकत नाही. अर्धं खरं आहे. कलम 74 म्हणतं की करारात लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा, त्याच्या आत वाजवी भरपाई मिळेल, आणि सुप्रीम कोर्टाने 2015 साली कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध डीडीए या केसमध्ये सांगितलंय की नुकसानच झालं नसेल तर भरपाई नाही, आणि नुकसान सिद्ध करता येण्यासारखं असेल तर ते सिद्ध करावं लागतं. मोजणं अशक्य असेल तेव्हाच प्रामाणिक अंदाजाने आधी ठरवलेला आकडा धरता येतो. म्हणजे 1,35,000 कोर्टात टिकवणं त्यांना जड जाईल. पण त्यांना कोर्टात जायचंच नाहीये ना! ते बिलातून कापून मोकळे होतील, पैसे त्यांच्या खिशात आणि दावा लावायचा तुम्ही. म्हणून पेनल्टीच्या टक्क्यांइतकंच ‘परस्पर कापणार’ हे वाक्य घातक आहे.

त्याऐवजी असं ठेवा की पेनल्टीपोटी सर्व्हिस क्रेडिट, म्हणजे बिलात तेवढी वजावट, मागायचं असेल तर बिल मिळाल्यापासून 7 दिवसांत तिकीट नंबर देऊन लेखी कळवायचं, दोघांनी नोंद तपासायची, मान्य झालं की पुरवठादार पुढच्या बिलाबरोबर क्रेडिट नोट देईल, आणि वाद असेल तर फक्त तेवढीच रक्कम थांबवता येईल, बाकीचं बिल वेळेवर. क्रेडिट नोटवर एवढा जोर का, तर जीएसटी. त्यांनी नुसतेच पैसे कापले तर तुमचं इनव्हॉइस 45,000 चंच राहतं आणि त्यावरचे 8,100 तुम्हाला भरावेच लागतात. सेवेत कमतरता म्हणून सीजीएसटीच्या कलम 34 खाली क्रेडिट नोट काढली तर तेवढ्याचा टॅक्स कमी करता येतो, त्यांनीही तेवढं इनपुट टॅक्स क्रेडिट उलटवायचं असतं, तुमच्या सीएला सांगून फॉरमॅट करून घ्या.

उद्यम रजिस्ट्रेशन आहे का तुमचं? नसेल तर सहीच्या आधी करा, नंतर नको. एमएसएमईडी कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं पेमेंट करारात काहीही लिहिलं तरी 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही, उशीर झाला तर आरबीआयच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं, आणि वाद फॅसिलिटेशन कौन्सिलकडे नेता येतो. ड्राफ्टमध्ये ‘60 दिवसांत पेमेंट’ असं कुठे असेल तर खोडा.

अजून एक वाक्य शोधा, बहुतेक शेवटच्या पानांवर असेल, ‘सर्व प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष नुकसानीस पुरवठादार जबाबदार’ अशा अर्थाचं. ते तसंच राहिलं तर वरची 10 टक्क्यांची मर्यादा काही कामाची नाही, पेनल्टी 4,500 आणि वर उत्पादन बंद पडल्याचा लाखांचा दावा वेगळा. तिथे लिहून घ्या की वेळेच्या चुकीसाठी सर्व्हिस क्रेडिट हाच एकमेव उपाय, सलग तीन महिने 10 टक्क्यांची मर्यादा गाठली तर ग्राहक 30 दिवसांच्या नोटिशीने करार संपवू शकतो, आणि जाणूनबुजून केलेलं नुकसान किंवा गोपनीयतेचा भंग सोडून तुमची एकूण जबाबदारी सहा महिन्यांच्या फीएवढीच. करार संपवायचा हक्क दिला की क्लायंट बाकीचं मान्य करतो असा माझा अनुभव आहे, त्याला खरी भीती वाईट सर्व्हिसमध्ये अडकून पडायची असते. बॅकअप कोण घेणार, कुठे ठेवणार आणि परत आणून तपासणार कोण हे तर स्वतंत्र परिशिष्टात नावानिशी लिहा, कारण मोठे दावे डेटा गेल्यावरच येतात.

ड्राफ्ट परत पाठवायच्या आधी तुमच्या आत्ताच्या एखाद्या क्लायंटच्या मागच्या तीन महिन्यांच्या तक्रारी काढा, रजिस्टर नसेल तर व्हॉट्सॅपवरच्या वेळा बघा, आणि वरच्या अटी लावून किती क्रेडिट गेलं असतं ते मोजा. दर महिन्याला 10 टक्क्यांना भिडत असाल तर रिस्पॉन्सच्या वेळा वाढवा किंवा फी वाढवून मागा. मग ‘अटींवर काही सुधारणा सुचवत आहोत’ असा ईमेल मॅनेजरना आणि त्यांच्या अकाउंट्सला दोघांनाही टाका. टक्के थोडे वरखाली झाले तर चालतील, पण दर तासाची विनामर्यादा पेनल्टी आणि परस्पर कपात या दोन गोष्टींवर ते अडून बसले तर काम सोडा.