आगाऊ विकलेले सोने आणि खाणीतून न निघालेले सोने

प्रश्न: «मी पश्चिम ऑस्ट्रेलियातील एका लहान सोन्याच्या खाणीच्या हिशेब विभागात आहे. खाणीच्या विस्तारासाठी कर्ज देणारी बँक पुढील तीन वर्षांच्या उत्पादनाचा मोठा भाग आजच ठरलेल्या भावाने विकून टाका म्हणते. मोठ्या कंपन्या तर आता असे करतच नाहीत. मग आम्ही का करावे?»

नमस्कार. आपला प्रश्न वाचताना मला माझीच जुनी फाईल उघडल्यासारखे वाटले. मी पेशाने लेखापाल आहे, गुंतवणूक सल्लागार नाही. म्हणून पुढे लिहिले आहे ते अनुभव आणि मत म्हणून वाचावे. करारावर सही करण्यापूर्वी तो स्वतंत्र वकिलाला दाखवावा.

आगाऊ विक्रीत भाव गोठतो, हे आपल्याला ठाऊक असणारच. त्याच सहीने आपण औंसांचे कर्जदारही होतो, ही गोष्ट मात्र करार करताना कोणी मोठ्याने बोलत नाही. बँक मध्यवर्ती बँकेकडून सोने उसने घेते, ते आजच बाजारात विकते आणि आलेले डॉलर व्याजाने ठेवते. मुदत संपल्यावर खाण आपले सोने बँकेला देते आणि बँक त्यातून उसने फेडते. डॉलरवर मिळणाऱ्या व्याजातून उसन्या सोन्याचे भाडे वजा केले की उरलेला फरक खाणीला चढ्या भावाच्या रूपाने मिळतो. समजा आजचा भाव 300 डॉलर, व्याज साडेपाच टक्के आणि भाडे दीड टक्का आहे. मग तीन वर्षांनंतरच्या सोन्याला सुमारे 337 डॉलर बांधून मिळतात. नव्वदच्या दशकात भाव घसरत असताना ही वाढ इतकी हमखास वाटे की कंपन्यांनी अनेक वर्षांचे उत्पादन विकून टाकले.

घानातील अशांती गोल्डफील्ड्सने असे सुमारे एक कोटी औंस बांधून ठेवले होते. वर्षाला साधारण पंधरा लाख औंस काढणाऱ्या कंपनीसाठी हे सहा-सात वर्षांचे काम होते. शिवाय तिच्या करारांच्या वहीत साधी आगाऊ विक्रीच तेवढी नव्हती. भाव घसरण्याविरुद्धच्या संरक्षणाचा खर्च भागवण्यासाठी तिने भाव वाढल्यास ठराविक दराने सोने घेण्याचे हक्कही बँकांना विकले होते, आणि सोन्याच्या भाड्याच्या बदलत्या दरांवरही पैजा लावल्या होत्या. 26 सप्टेंबर 1999 रोजी युरोपातील 15 मध्यवर्ती बँकांनी वॉशिंग्टनमध्ये सोन्याच्या विक्रीवर वर्षाला 400 टनांची मर्यादा घातली. भाव काही दिवसांत 270 डॉलरच्या आतून 320 डॉलरच्या पुढे गेला आणि अशांतीच्या या वहीचे मूल्य 45 कोटी डॉलरपेक्षा जास्त उणे झाले. बँकांनी सुमारे 27 कोटी डॉलरचे मार्जिन, म्हणजे करारांचा तोटा वाढल्यावर तारण म्हणून ठेवायची रक्कम, मागितले. भाव वाढल्याने सोन्याची खाण अडचणीत कशी येते, हा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला. उत्तर एवढेच की वाढलेल्या भावाचे सोने जमिनीत होते आणि मार्जिन रोख, त्याच आठवड्यात द्यायचे होते. शेवटी 17 बँकांनी तीन वर्षे मार्जिन न मागण्याचे मान्य केले, पण त्या बदल्यात कंपनीच्या 15 टक्के समभागांवर हक्क घेतला. 2004 मध्ये ही कंपनी अँग्लोगोल्डमध्ये विलीन झाली.

आता माझ्या चुकीकडे येतो. आमच्या खाणीचा आराखडा वर्षाला 30,000 औंसांचा होता आणि मी त्याचे 80 टक्के, म्हणजे 24,000 औंस, 1,600 ऑस्ट्रेलियन डॉलरने बांधण्याच्या कागदावर सही केली. टक्केवारी मी आराखड्यावर काढली. सिद्ध साठ्यातून, आजच्या यंत्रांनी, वाईट वर्षातही जे निघेल त्यावर काढायला हवी होती. तिसऱ्या वर्षी खुल्या खाणीची एक भिंत घसरली, जास्त प्रतीचे खनिज तिच्याखाली अडकले आणि वर्षअखेर फक्त 19,000 औंस निघाले. उरलेले 5,000 औंस बाजारातून विकत घेऊन द्यावे लागणार होते, आणि बाजारभाव होता 2,210 डॉलर.

मी लगेच मुदत सहा महिने पुढे ढकलण्याची विनंती केली. अशी सवलत आमच्या करारात बँकेच्या मर्जीवर होती. बँकेच्या दुसऱ्या शहरातील कार्यालयाने तीन आठवडे उत्तर दिले नाही. प्रत्येक फोनवर नवा अधिकारी असे आणि प्रत्येकाला मी भिंतीची गोष्ट पहिल्यापासून सांगत असे. नकार आला तेव्हा भाव 2,300 झाला होता. औंसामागे 700 डॉलर, म्हणजे एकूण 35 लाख डॉलर गेले. त्यातील साडेचार लाख केवळ त्या तीन आठवड्यांचे होते, आणि त्यांचा राग मला आजही येतो. आपल्या करारात मुदतवाढीच्या विनंतीला किती दिवसांत उत्तर द्यायचे, हे आकड्यात लिहून घ्या.

मोठ्या कंपन्यांनी हे का सोडले, याचे कारण माझ्या मते धाडसात नाही. 2001 नंतर भाव वर्षानुवर्षे चढत गेला आणि जुने करार गळ्यातील धोंड झाले. न्यूमाँटने 2007 मध्ये आपले उरलेले करार तोटा सोसून मिटवले. बॅरिकने 2009 मध्ये सुमारे 95 लाख औंसांचे करार संपवण्यासाठी नवे समभाग विकून पैसा उभारला आणि 560 कोटी डॉलरचा तोटा नोंदवला. सोन्याच्या खाणीचा समभाग घेणाऱ्याला सोन्याच्या भावाचीच चढउतार हवी असते; ती त्याच्याकडून काढून घेणारी कंपनी त्याला नको असते, हे व्यवस्थापनांना तेव्हा नीट कळले. त्यातच 2008 नंतर व्याजदर शून्याजवळ गेल्यामुळे ती चढ्या भावाची मिळकतही जवळपास संपली. आणि ज्या कंपनीकडे अनेक खाणी व थोडे कर्ज आहे, तिला एका वाईट वर्षात घसरलेला भाव सोसता येतो.

आपली खाण एकच आहे आणि तिच्यावर कर्ज चढणार आहे. म्हणून «मोठे करत नाहीत» हे आपल्यासाठी पुरेसे उत्तर नाही. भाव पडला तर हप्ता कशातून फेडणार, हा बँकेचा प्रश्न रास्त आहे. मी मात्र प्रमाणावर भांडलो असतो: कर्जाचा हप्ता आणि खाण चालवण्याचा खर्च निघेल एवढेच औंस, तेही सिद्ध साठ्यातल्या वाईट वर्षाच्या उत्पादनाच्या निम्म्याच्या आत. खाण आधीच तारण असल्यामुळे कर्ज देणाऱ्याच बँकेशी केलेल्या विक्रीत मार्जिनची अट नसावी, यावर अडून राहा. शक्य असेल तेथे विक्रीऐवजी ठराविक भावाने विकण्याचा हक्क विकत घ्या. त्यासाठी आधी पैसे मोजावे लागतात, पण भिंत घसरली तर कोणी आपल्याकडे औंस मागत नाही. तो खर्च कमी करण्यासाठी बँक आपल्याकडून वरच्या भावाचा हक्क मागेल. तेथे थांबा, कारण अशांतीने हक्क विकले ते याच हिशेबाने.

एक जाता जाता: शुद्धीकरण कारखान्याकडून सोने बँकेच्या खात्यात जमा व्हायला लागणारे दिवस धरून सुपूर्दगीच्या तारखा ठेवा. आमच्या वेळापत्रकात ते दिवस धरलेलेच नव्हते आणि दोनदा हातात सोने असूनही तारीख चुकली. आराखड्यातील औंस आणि सिद्ध साठ्यातील औंस यांचे आकडे येथे दिलेत, तर किती बांधणे सोसेल याचा हिशेब मी जरूर करून पाहीन.