कॅनडाचा अर्ज: एजंट, वकील की आपला आपण

«ताई, नवरा नंदेसरीच्या कारखान्यात केमिकल इंजिनियर, मुलगी चौथीत, सासूबाई आमच्याकडेच असतात. कॅनडाच्या पीआरसाठी बडोद्याच्या अलकापुरीतला एजंट तीन लाख मागतोय. त्याला द्यावे, वकील करावा, की आपणच अर्ज भरावा?»

आपणच भरा. एक्स्प्रेस एन्ट्रीचं, म्हणजे गुणांवर निवड करणाऱ्या ऑनलाइन पद्धतीचं, प्रोफाइल बनवायला शुल्क लागत नाही. पुढे अर्ज करायचं बोलावणं आलं की सरकारी शुल्क मात्र चुकत नाही. एप्रिल २०२४ च्या अखेरीस लागू झालेल्या दरानं तुम्हा दोघांचे प्रत्येकी १,५२५ डॉलर, मुलीचे २६० आणि बायोमेट्रिक्सचे १७०, असे ३,४८० कॅनेडियन डॉलर होत होते. हे दर वाढत असतात, भरायच्या दिवशी पुन्हा बघा. एजंटचे तीन लाख याच्या वर.

त्या तीन लाखांत तो फॉर्म भरतो, कागद अपलोड करतो आणि तारखांची आठवण करून देतो. गुण त्याच्यामुळे एकही वाढत नाही. नोकरीचं पत्र आणून गुण वाढवतो म्हणाला तर उठून या, कारण त्याचे गुण २५ मार्च २०२५ पासून बंद झालेत. पैसे घेऊन अर्ज चालवायचा हक्क कॅनडातल्या वकिलाला किंवा कॉलेज म्हणवणाऱ्या तिथल्या नियामक संस्थेच्या यादीतल्या परवानाधारक सल्लागाराला आहे. ती यादी कुणालाही ऑनलाइन बघता येते. त्यात नाव असेल तर तो IMM 5476 या फॉर्मवर सही करून प्रतिनिधी म्हणून पुढे येतो. «माझं नाव कुठे घालू नका, पासवर्ड माझ्याकडे राहू दे,» असं सांगणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

अर्ज अडतो तो अनुभवपत्रावर, आणि ते एजंट करून देऊ शकत नाही. माझ्या नवऱ्याला कंपनीनं दोन ओळी दिल्या: हुद्दा, तारखा, वर्तणूक चांगली. कॅनडाला हवी असतात रोजची कामं, आठवड्याचे तास, पगार, आणि सही करणाऱ्याचं नाव व संपर्क. आमच्या एजंटच्या माणसानं कामांची यादी कॅनडाच्या सरकारी व्यवसाय-यादीतल्या केमिकल इंजिनियरच्या कोडमधून, म्हणजे २१३२० मधून, शब्दशः उचलली. संशोधन, प्रक्रियेची आखणी, सगळं त्यात होतं. प्रत्यक्षात हा शिफ्ट सांभाळायचा, रिॲक्टरच्या बॅचवर लक्ष ठेवायचा, ऑपरेटर्सना कामं लावायचा. ते काम ९२०११ मध्ये बसतं, रासायनिक प्रक्रियेच्या पर्यवेक्षकात. दोन्ही कोड कुशल कामातच मोडतात आणि परदेशातल्या अनुभवाचे गुणही सारखेच मिळतात, मग मोठ्या नावाचा फायदा काय? तपासणाऱ्याला कोडची भाषा पाठ असते, पत्रातही तीच दिसली की संशय येतो. खोटी माहिती ठरली तर पाच वर्षं बंदी, आणि ती अर्जदारावर, एजंटनं भरलं असलं तरी. आम्ही ते पत्र फाडलं. नवऱ्यानं आपली कामं आपल्या शब्दांत लिहिली आणि एचआरच्या मागे लागून लेटरहेडवर घेतली. तुमची कंपनी नाहीच म्हणाली तर पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, वरिष्ठाचं प्रतिज्ञापत्र आणि पत्र का मिळालं नाही हे सांगणारा खुलासा जोडा. हे आत्ताच सुरू करा, कारण बोलावणं आल्यावर ६० दिवसच मिळतात.

वकील तेव्हा, जेव्हा आधी एखाद्या देशाचा व्हिसा नाकारला गेलाय, कुणावर पोलीस केस आहे, किंवा «तुमच्या माहितीवर शंका आहे, खुलासा करा» असं पत्र आलंय. तासाभराच्या सल्ल्याला साधारण दोनशे ते चारशे डॉलर पडतात, आणि अशा वेळी ते सार्थकी लागतात. सरळ प्रकरणात गरज नाही.

मुलीच्या शाळेबद्दलही एजंट काहीबाही कागद करायला लावेल. आमच्या मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला पैसे भरून प्रमाणित करून घेतला, इथे कॅनडात तो कुणी उघडलाही नाही. शाळेनं जन्मसाल आणि लसींची नोंद बघितली. लसींची नोंद नीट आणा. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या पोराला वर्गातून उठवून इंग्रजीच्या वेगळ्या तासाला बसवायचे, तो घरी येऊन गप्प असायचा. आता तो विसरलाय. मी नाही विसरले.

एकटेपणाचं काय सांगू, कामाला लागलं की दिवस जातो.

पण सासूबाईंचं आज घरी बसून बोला. आईवडिलांना कायमचं आणू इच्छिणाऱ्यांची नावं कॅनडानं २०२० मध्ये नोंदवून घेतली आणि २०२५ पर्यंत त्याच यादीतली नावं काढली. आम्ही त्यानंतर आलो, त्यामुळे माझ्या आईसाठी आमचं नाव त्या यादीत असणं शक्यच नव्हतं. आईवडिलांसाठीच्या सुपर व्हिसावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण इतक्या वयात आरोग्य विमा महाग पडतो आणि तो घ्यावाच लागतो. आई म्हणते, दांडिया बाजार सोडून मी तिथे काय करू. तिला काय उत्तर द्यावं हे मला अजून सुचलेलं नाही. त्या एजंटला एवढंच विचारा, सासूबाईंना मागाहून नेता येईल का. «सहज» म्हणाला तर त्याला काम येत नाही.