पाच वाजताच्या भुकेचा हिशोब

"मॅडम, दिवसाला १६०० कॅलरी ठरल्या आहेत. मी सरळ चारने भागते. नाश्ता ४००, जेवण ४००, मधलं खाणं ४००, रात्रीचं जेवण ४००. दिवसभर सगळं नीट चालतं आणि रात्री नऊनंतर सगळं ढासळतं. माझा स्वभावच तसा आहे, की माझं गणित चुकतंय?"

विचारणाऱ्या बाई अडतीस वर्षांच्या, हिशोबनीस. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) आकड्यांचीच नोकरी असल्यामुळे वही नीट ठेवलेली होती. ती वही पाहिल्यावर स्वभावाचा विषय मी बाजूला ठेवला. १६०० हा आकडा त्यांच्या डॉक्टरांनी ठरवून दिला होता, त्यामुळे तोही प्रश्न नव्हता. मला हवी होती वहीत नसलेली गोष्ट, म्हणजे वेळा. आठवडाभर प्रत्येक खाण्यापुढे घड्याळाची वेळ लिहा आणि भूक लागेल तेव्हा, काही खाल्लं नाहीत तरी, नुसती वेळ टिपून ठेवा, असं त्यांना सांगितलं.

आठवड्याने चित्र स्पष्ट झालं. नाश्ता सकाळी साडेसातला. त्या वेळी भूक नसायची, पण "४०० पूर्ण करायचे" म्हणून ताटातलं संपवायच्या. दुपारचं जेवण एक वाजता. मधल्या खाण्याचे ४०० कागदावरच होते. "रात्रीसाठी शिल्लक ठेवू" म्हणून ते रोज पुढे ढकलले जायचे. भुकेची नोंद मात्र पाच ते साडेपाचच्या दरम्यान होती, सातपैकी सहा दिवस. त्यानंतर काम, प्रवास, मग घरी येऊन स्वयंपाक, आणि ताटावर बसेपर्यंत नऊ. एक ते नऊ हे आठ तास आहेत. एवढ्या अंतरानंतर माणूस ओट्यापाशी उभा राहून कच्चं-पक्कं काहीही तोंडात टाकतो, आणि ते वहीत येत नाही.

इथे एक गोष्ट सांगून टाकते. वजनाच्या दृष्टीने मुख्य हिशोब दिवसाच्या एकूण बेरजेचा असतो. त्याच १६०० कॅलरी तीन वेळा खाल्ल्या की पाच वेळा, याने फारसा फरक पडत नाही. विभागणीचं काम वेगळं आहे. ती बेरीज संध्याकाळी मोडू नये, एवढ्यासाठीच ती करायची. म्हणून वाटे सारखे असायची गरज नाही, ते आपल्या भुकेच्या वेळांना जुळायला हवेत.

हे माहीत असूनही पहिल्या खेपेला मीच चुकले. नेहमीच्या सवयीने नाश्ता २५ टक्के, दुपारचं जेवण ३५, मधलं खाणं १० आणि रात्रीचं ३० असं लिहून दिलं. म्हणजे ४००, ५६०, १६० आणि ४८०. बऱ्याच जणांना हे प्रमाण चालतं. यांना चाललं नाही. पाच वाजताचे १६० म्हणजे एक सफरचंद आणि मूठभरापेक्षा कमी शेंगदाणे. साडेसहाला पुन्हा भूक. दहा दिवसांनी त्या आल्या तेव्हा रात्रीच्या नोंदी जशाच्या तशा होत्या, फक्त दुपारचं जेवण जड वाटत असल्याची एक तक्रार वाढली होती.

मग वाटे उलट्या बाजूने केले. बांध जिथे फुटतो तिथपासून सुरुवात केली. संध्याकाळच्या खाण्याला २० टक्के, म्हणजे ३२०. हे पैसे, म्हणजे कॅलरी, जिथे भूकच नव्हती त्या नाश्त्यातून आले: नाश्ताही ३२०. उरलेले ९६० दोन जेवणांत निम्मे-निम्मे, ४८० आणि ४८०. नाश्त्याला चाळीस ग्रॅम ओट्स, एक पेला दूध आणि अर्धं केळं. संध्याकाळी दोन उकडलेली अंडी, एक सफरचंद आणि १४ ग्रॅम शेंगदाणे. अंड्यांचे साधारण १४५, सफरचंदाचे ९५, शेंगदाण्यांचे ८०. पहिल्या बेतात कमी पडली होती ती प्रथिनंच. फळ एकटं तास-दीड तास तग धरतं, सोबत अंडी असली की रात्रीच्या जेवणापर्यंत वेळ निभावून जाते.

आता ४८० कॅलरींचं रात्रीचं ताट. हे आम्ही दोघींनी समोरासमोर बसून बांधलं, आणि तेलापासून सुरुवात केली. लोक धान्यापासून सुरुवात करतात आणि तेल "थोडंसं" म्हणून शेवटी येतं. पण एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी असतात, तर एक ग्रॅम प्रथिनात किंवा कर्बोदकात ४. म्हणून सगळ्यात महाग वस्तू आधी बाजूला काढायची.

वहीत प्रत्येक जेवणासमोर "तेल १ चमचा, ४० कॅलरी" असं लिहिलेलं होतं. मी काट्यावर रिकामी वाटी ठेवली, काटा शून्यावर आणला आणि म्हटलं, "घरी कढईत ओतता तसं यात ओता." त्यांनी बाटली तिरकी केली, मनात काहीतरी मोजलं आणि थांबल्या. काट्यावर २२ ग्रॅम. म्हणजे १९८ कॅलरी. घरात जेवणारे दोघे, म्हणजे त्यांच्या वाट्याला ९९. वहीत ४०. दोन्ही वेळा भाजी अशीच होत असेल तर दिवसाला शंभराच्या वर कॅलरी वहीबाहेर राहत होत्या. त्या काही क्षण काट्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे माझा ताळेबंद जुळत होता, नोंदच खोटी होती."

तर ताट असं झालं. तेल सपाट दोन छोटे चमचे, मोजून: ८० कॅलरी. डाळ कोरडी ५० ग्रॅम: १७०. तांदूळ कोरडा ४० ग्रॅम: १४०. भाज्या १५० ग्रॅम: साधारण ४५. साधं दही ७५ ग्रॅम: ४५. बेरीज ४८०. यात प्रथिनं वीस ग्रॅमच्या आसपास येतात, त्यातली बारा एकट्या डाळीची. डाळ नको त्या दिवशी तेवढ्याच कॅलरीत कातडी काढलेल्या कोंबडीच्या छातीचं कच्चं मांस १४० ग्रॅमपर्यंत घेता येतं आणि प्रथिनं बरीच वाढतात. भूक जास्त असेल तर भाजीचं वजन दुप्पट करा, ४५च वाढतील. तांदूळ दुप्पट केला तर १४० वाढतात. ताट मोठं दिसावं असं वाटत असेल तर वाढवायची वस्तू कोणती, हे यावरून ठरतं.

इथे त्यांनी शंका काढली: "पण भात तर सगळ्यांचा एकत्र होतो. माझे ४० ग्रॅम कुठे शोधू?" अडचण खरी आहे, आणि चुका बहुतेक इथेच होतात. तांदूळ शिजताना पाणी पितो. शंभर ग्रॅम कोरड्या तांदळात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी असतात, शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात १३० च्या जवळपास. ताटातला भात मोजायचा आणि अ‍ॅपमध्ये कोरड्या तांदळाची नोंद निवडायची, म्हणजे आकडा जवळजवळ तिप्पट. उलट केलं तर तिसरा हिस्सा. म्हणून आम्ही सोपी पद्धत धरली. सगळ्यांसाठी घेतलेला तांदूळ कोरडा असताना एकदाच मोजायचा, समजा १६० ग्रॅम. शिजल्यावर भांड्याचं वजन वजा करून भात मोजायचा, समजा ४५० ग्रॅम. आपला हिस्सा चाळीस ग्रॅम कोरड्याचा, म्हणजे एक चतुर्थांश, म्हणून ताटात ११२ ग्रॅम भात. हे रोज करायला लागत नाही. तोच तांदूळ, तेवढंच पाणी असेल तर तीन-चार वेळा मोजल्यावर कोणत्या वाटीत ११२ ग्रॅम बसतात ते कळतं, आणि पुढे ती वाटीच माप होते. डाळीत पाणी कमी-जास्त होतं, म्हणून तिथे वजनापेक्षा "एकूण किती वाट्या झाली, त्यातल्या मी किती घेतल्या" हे जास्त भरवशाचं.

काटेकोरपणाला मर्यादा आहे, हेही त्यांना सांगावं लागलं, कारण हिशोबनीस माणूस ४८० म्हणजे ४८०च धरतो. पदार्थांच्या तक्त्यातले आकडे सरासरीचे असतात, केळं छोटं-मोठं असतं, आणि मुळात १६०० हाही अंदाजच आहे. एका जेवणात पन्नास इकडे-तिकडे झाले तर त्याला फरक म्हणायचं नाही. लक्ष द्यायचं ते रोज एकाच बाजूला होणाऱ्या चुकीकडे. तेलाची चूक तशी होती. तिचा कल कधी उलटा होत नव्हता.

विभागणी बसते आहे का, हे वजनकाट्याच्या आधी भुकेच्या नोंदीतून समजतं. जेवल्यावर दोन तासांत भूक लागत असेल तर त्या जेवणात प्रथिनं किंवा भाजी कमी पडते आहे, कॅलरी वाढवण्याआधी ते बघा. चार-पाच तासांनी लागत असेल तर ती रीतसर भूक आहे, तिच्या वेळेला वाटा ठेवा. वजन मात्र रोज सकाळी घ्या आणि आठवड्याच्या सरासऱ्या एकमेकींशी ताडून पाहा. मीठ, पाणी आणि मासिक पाळी यांमुळे एका दिवसात एक किलोपर्यंत चढउतार होऊ शकतो, त्याचा अर्थ लावत बसू नका. मी तरी तीन आठवड्यांच्या आत वाटे पुन्हा बदलत नाही, अगदी भूक सहन होत नसेल तर गोष्ट वेगळी.

एक अट सांगते. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जेवणांचे वाटे स्वतःहून हलवू नयेत. औषधाची मात्रा त्या वाट्यांशी जोडलेली असते, आणि संध्याकाळचं खाणं कमी केलं तर साखर धोकादायक पातळीला उतरू शकते. गरोदरपणात आणि खाण्याशी झगडण्याचा पूर्वेतिहास असणाऱ्यांसाठी तर मी आकड्यांची वही सुरूच करत नाही.

चौथ्या आठवड्यात त्यांच्या वहीत रात्री नऊनंतरच्या नोंदी दोन होत्या, आणि दोन्ही रविवारच्या. रविवारी त्या साडेनऊला उठत होत्या. नाश्ता आणि जेवण एकत्र करून अकराला ८०० कॅलरी एकदम खायच्या, पोट तुडुंब व्हायचं, संध्याकाळचं खाणं मग चुकायचं. म्हणून रविवारचे वाटे वेगळे केले: अकराला ६००, पाचला ४२०, रात्री ५८०. त्यांनी वहीत रविवारसाठी वेगळा रकाना आखला, वर लाल पेनने "सुट्टी" लिहिलं आणि त्याच्या बाजूला पहिली नोंद केली, तेल ९ ग्रॅम.